घसा दुखतो, पण नेमका कुठे?

«डॉक्टर, यंदा आमच्या घरात घशाने सगळ्यांनाच धरलं. सासऱ्यांच्या कागदावर 'फॅरिन्जायटिस' लिहून आलं, माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या कागदावर 'टॉन्सिलायटिस'. मी शाळेत शिकवते. माझा आवाज बसला तर 'लॅरिन्जायटिस'. आणि गेल्या महिन्यात शेजारच्या काकांना 'एपिग्लॉटायटिस' म्हणून रातोरात आयसीयूत ठेवावं लागलं. घसा एकच, मग नावं चार कशी? एकातूनच दुसरं वाढत जातं का? घरी सगळे तसंच म्हणतात, आणि मला मुलाची धास्ती वाटते.»
— एक शिक्षिका, सांगली

ताई,

आधी तुमच्या धास्तीचं बोलते. ही चार नावं म्हणजे एकाच आजाराच्या चढत्या पायऱ्या नाहीत. घशातल्या चार वेगवेगळ्या जागांची ती नावं आहेत. सासऱ्यांचा आजार वाढून तुमचा झाला, तुमचा वाढून काकांचा झाला, असं काही घडलेलं नाही. सर्दीचा एखादा विषाणू घरात फिरला असेल आणि सासऱ्यांच्या घशात एका ठिकाणी, तुमच्या घशात दुसऱ्या ठिकाणी बसला असेल, एवढं शक्य आहे. काकांचं दुखणं मात्र बहुतेक अगदी स्वतंत्र होतं.

चारही शब्दांच्या शेवटी जे 'आयटिस' आहे ते ग्रीक भाषेतून आलं. मुळात त्याचा अर्थ नुसता 'अमक्याचा' किंवा 'अमक्याशी संबंधित' असा होता. पुढे वैद्यकात तो 'दाह' या अर्थी रुळला. दाह म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि दुखणं. ही चार लक्षणं रोमन लोकांच्या काळापासून लिहून ठेवलेली आहेत. नंतरच्या वैद्यांनी त्यांत पाचवं जोडलं: सुजलेला अवयव आपलं काम नीट करत नाही. घशाच्या बाबतीत हे पाचवं लक्षण मला सगळ्यांत उपयोगी वाटतं, कारण घशात प्रत्येक जागेचं काम वेगळं आहे. कोणतं काम अडलं ते पाहिलं की दाह कुठे आहे याचा अंदाज घरबसल्याही येतो. आपली भाषा हे नकळत करतेच. 'घसा दुखतो' आणि 'घसा बसला' यांत आपण कधी गल्लत करत नाही. दोन्हीकडे शब्द घसाच, पण एकात गिळण्याची तक्रार आहे आणि दुसऱ्यात आवाजाची.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. 'आयटिस' वाचून जागा कळते, कारण कळत नाही. दाह विषाणूने आला, जिवाणूने आला, छातीत वर येणाऱ्या आम्लाने आला की सलग सहा तास ओरडून शिकवल्याने आला, हे त्या शब्दात कुठेच नसतं. म्हणून तोच शब्द लिहिलेल्या दोन कागदांवर औषधं वेगळी असू शकतात, आणि शेजारणीच्या कागदावरचं औषध आपल्याला चालेलच असंही नाही.

आता एक काम करा. उजेडात आरशासमोर उभ्या राहा, तोंड मोठं उघडा आणि लांब 'आ' म्हणा. मध्ये लोंबताना दिसते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना मऊ पडद्याच्या दोन-दोन कमानी उतरतात, एक पुढे आणि एक मागे. त्या कमानींच्या मधल्या कोनाड्यात, दोन्हीकडे एकेक, खडबडीत गोळा बसलेला दिसेल. ते टॉन्सिल. आणि या सगळ्याच्या पलीकडे, अगदी मागे, जी ओलसर गुलाबी भिंत दिसते ती ग्रसनीची मागची भिंत. ग्रसनी म्हणजेच फॅरिंक्स.

बॅटरी लावून तोंडातून दिसतं ते इथपर्यंतच. चार जागांपैकी दोन आपल्याला दिसल्या. उरलेल्या दोन जिभेच्या मुळामागे, वळणाखाली दडलेल्या असतात. त्या तोंडातून सहसा दिसत नाहीत. घशाच्या दुखण्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर हीच ठेवा. सासऱ्यांचं आणि मुलाचं दुखणं दिसणाऱ्या भागातलं होतं. तुमचं आणि काकांचं न दिसणाऱ्या भागातलं.

सासऱ्यांपासून सुरू करू. ग्रसनी ही नाकाच्या मागून सुरू होऊन खाली अन्ननलिकेपर्यंत जाणारी मांसल नळी आहे. मोठ्या माणसात ती साधारण १२ ते १३ सेंटीमीटर लांब भरते. वरचा भाग नाकामागचा, मधला तोंडामागचा आणि खालचा स्वरयंत्रामागचा. श्वास आणि घास दोघेही तिच्यातून जातात. ती सुजली की घोट घेताना खरखरतं, सकाळी उठल्यावर घसा कोरडा ठणठणीत असतो, मागची भिंत लाल दिसते आणि कधी तिच्यावर खडीसारखे बारीक उंचवटे येतात. हाच फॅरिन्जायटिस. बहुतेक वेळा तो सर्दीच्या विषाणूंचा असतो. नाक वाहतं, खोकला असतो, आणि आठवडाभरात तो आपसूक ओसरतो. अशा वेळी अँटिबायोटिकने काही साधत नाही, कारण ते विषाणूवर चालतच नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पुरेसं पाणी, आणि दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल, एवढं पुरतं. सासऱ्यांची खवखव मात्र महिनोन् महिने जात नसेल तर कारण घशात शोधू नका. रात्री आडवं पडल्यावर आम्ल वर येतं का, नाकातून मागे शेंबूड उतरतो का, झोपेत तोंडाने श्वास चालतो का, तंबाखू किंवा विडी आहे का, हे पाहावं लागेल.

मुलाचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुमची काळजी तिथे आहे.

टॉन्सिल हा अवयव ग्रसनीच्या तोंडाशीच बसलेला असल्यामुळे फॅरिन्जायटिस आणि टॉन्सिलायटिस यांच्यातली रेषा कागदावर दिसते तेवढी ठळक नसते. पुष्कळदा दोन्ही एकदम सुजतात. मग डॉक्टर ज्या जागी जास्त लाली दिसते तिचं नाव लिहितात. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर आत शिरणाऱ्या बारीक खाचा असतात. शरीरात येणारे जंतू तिथे अडकतात आणि शरीराच्या संरक्षक पेशींना त्यांची ओळख होते. मुलांचं वय चार ते सातच्या सुमारास ही ओळखपरेड जोरात चालू असते, म्हणून त्या वयात टॉन्सिल मुळातच मोठे असतात. 'टॉन्सिल वाढलेत' म्हणून घाबरून येणाऱ्या किती आयांना मी हे समजावलं असेल! नुसता मोठा टॉन्सिल म्हणजे टॉन्सिलायटिस नव्हे. दाह असेल तर तो लालभडक होतो, खाचांच्या तोंडाशी पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, जबड्याच्या कोनाखाली दुखऱ्या गाठी हाताला लागतात, ताप असतो आणि मूल जेवायला नाकारतं. कधी मूल घशाऐवजी कान दुखतो म्हणतं. टॉन्सिलची आणि कानाची संवेदना एकाच मज्जातंतूच्या फांद्यांतून जाते, म्हणून दुखणं इकडचं तिकडे भासतं.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत या दाहामागे 'ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस' नावाचा जिवाणू असण्याची शक्यता चांगलीच असते. डॉक्टर ते ओळखायला चार गोष्टी पाहतात: ताप आहे, टॉन्सिलवर ठिपके आहेत, मानेच्या पुढच्या गाठी दुखऱ्या आहेत आणि खोकला नाही. शेवटची गोष्ट आयांना चमत्कारिक वाटते, पण खोकला आणि वाहतं नाक असेल तर कल विषाणूकडेच जातो. चारही गोष्टी जुळल्या तरी खात्री होत नाही. म्हणून शक्य तिथे घशातला कापसाचा बोळा तपासून घेतात.

स्ट्रेप्टोकॉकस ठरला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवसांचं देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळायला लागतं आणि घरात बाटली फ्रिजमध्ये तशीच राहते. इथे मी हात जोडून सांगते, दहा दिवस पुरे करा. हा सगळा खटाटोप घसादुखीसाठी नसतोच. घसा औषधाविनाही बहुधा बरा झाला असता. पण या जिवाणूशी लढताना काही मुलांच्या शरीराची गल्लत होते. दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. त्याला संधिवाताचा ताप, म्हणजे र्‍ह्युमॅटिक फीव्हर, म्हणतात. आपल्याकडे झडपांच्या शस्त्रक्रियेला येणाऱ्या तरुण रुग्णांत लहानपणीच्या या तापाचे बळी आजही दिसतात. दिलासा एवढाच की घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हा धोका टळतो. एक रात्र वाट पाहिली म्हणून काही बिघडत नाही.

टॉन्सिल काढायचे का हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा असा खराखुरा, डॉक्टरांनी पाहून नोंदवलेला टॉन्सिलायटिस झाला तर आम्ही शस्त्रक्रियेचा विचार करतो. टॉन्सिल इतके मोठे असतील की झोपेत मुलाचा श्वास अडतो, तर तो वेगळा मुद्दा, तिथे ही मोजदाद लागत नाही. तुमच्या मुलाला वर्षात एकदा झालंय. त्याचे टॉन्सिल आहेत तिथेच राहू द्या.

दिसणाऱ्या भागाबद्दल दोन खुणा लक्षात असू द्या. दुखणं एकाच बाजूला खूप वाढलं, तोंड उघडेना, पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली दिसली आणि बोलणं तोंडात गरम घास असल्यासारखं यायला लागलं, तर टॉन्सिलमागे पू झालेला असतो. तो काढावा लागतो, गोळ्यांनी भागत नाही. दुसरी खूण, टॉन्सिलवर राखाडी, चिकट पडदा दिसणं. तो पुसायला गेलं तर रक्त येतं. तो घटसर्प असू शकतो. लस न घेतलेल्या मुलांत तो अजून आढळतो आणि तिथे त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आता तुम्ही. मानेच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून 'म्म्म' म्हणा. जिथे कंप लागतो तिथे तुमचं स्वरयंत्र आहे, म्हणजे लॅरिंक्स. पुरुषांत कंठमणी म्हणून पुढे येतं ते त्याचंच कूर्चेचं आवरण. आत दोन स्वरतंतू. बोलताना ते एकमेकांजवळ येतात आणि खालून येणाऱ्या हवेने थरथरतात. बाईच्या साध्या बोलण्यात हा कंप सेकंदाला साधारण दोनशे वेळा होतो. एका तासिकेत किती वेळा या कडा एकमेकींवर आपटत असतील, याचा हिशोब तुम्हीच करा. त्या सुजल्या की जड होतात आणि सावकाश हलतात, म्हणून आवाज जाडसर होतो. मग कडा नीट जुळत नाहीत, मधून हवा निसटते, आणि आवाज घोगरा, तुटका, कधी अजिबातच नसलेला होतो. गिळायला मात्र फारसा त्रास नसतो. तुम्ही आरशात पाहिलं असतं तर घसा बहुतेक स्वच्छ दिसला असता, कारण सूज होती वळणाखाली.

लॅरिन्जायटिस दोन वाटांनी येतो. एक सर्दीच्या विषाणूंची. दुसरी ताणाची, आणि शिक्षक, कीर्तनकार, भाजीविक्रेते, गायक यांच्या वाट्याला ती फार येते. तुमच्यात बहुधा दोन्ही एकत्र आल्या: सर्दी होती, आणि त्याच घशाने वर्ग घेतलात. याला अँटिबायोटिक लागत नाही, विश्रांती लागते. आणि इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. आवाज बसला की लोक कुजबुजत बोलतात. कुजबुजताना स्वरयंत्राचे स्नायू आवळून धरावे लागतात आणि सुजलेल्या जागेवर उलट ताण येतो. बोलायचंच असेल तर हळू पण नेहमीच्या आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढंच बोला. सारखं खाकरू नका, त्यानेही तंतू एकमेकांवर आदळतात. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. वाफेने ओलावा मिळतो आणि बरं वाटतं. चारपाच दिवस वर्गात फळ्यावर लिहून भागवता येत असेल तर तेवढं करा.

आठवडा-दोन आठवड्यांत आवाज परत येतो. सर्दी गेली, विश्रांती झाली आणि तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्या. शिक्षकांत तिथे बारीक गाठी निघतात. तंबाखू खाणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाचा आवाज असा बदललेला राहिला तर एक दिवसही रेंगाळू नये. स्वरतंतूचा कर्करोग इतर कर्करोगांच्या मानाने लवकर बोलून दाखवतो, आणि तो लवकर सापडला तर आवाज राखूनही बरा करता येतो.

राहिले शेजारचे काका. जिभेच्या मुळामागे, स्वरयंत्राच्या माथ्यावर पानाच्या आकाराची एक लवचीक कूर्चा उभी असते, तीच एपिग्लॉटिस. 'ग्लॉटिस' म्हणजे स्वरतंतूंमधली फट आणि 'एपि' म्हणजे तिच्यावरचं. घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, हे पान मागे झुकतं आणि घास श्वासनलिकेत न जाता मागून अन्ननलिकेत उतरतो. जेवताना बोललो की ठसका लागतो तो या ताळमेळात चूक झाल्यामुळे. पुष्कळ लोक पडजिभेलाच हे झाकण समजतात. पडजीभ वर, तोंडात लोंबते आणि दिसते. हे झाकण खाली असतं आणि दिसत नाही.

हे झाकण सुजलं तर काय होईल, ते कल्पनेने पाहा. ग्रसनी ऐसपैस आहे, तिथे थोडी सूज आली तर घोट अडखळतो, श्वास चालू राहतो. झाकणाखाली मात्र श्वासाची एकमेव वाट आहे. लहान मुलांत घशातली ही वाट किती अरुंद असते, त्याचं एक साधं गणित आम्हाला शिकवतात. तान्ह्या मुलात स्वरयंत्राखाली जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची जागा असते. तिथे चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की रुंदी दोन मिलिमीटर उरते, आणि जागा उरते पूर्वीच्या एक चतुर्थांश. आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेने निम्म्याहून अधिक जागा शिल्लक राहते. घशाच्या आजाराचा धोका ठरतो तो असा, सूज किती यापेक्षा कुठे आली यावर. टॉन्सिलवरची सूज डोळ्यांना भयंकर दिसते आणि बहुधा निरुपद्रवी असते. झाकणावरची तेवढीच सूज दिसतही नाही आणि काही तासांत जीव घेऊ शकते.

या आजाराचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहावं म्हणून एक जुनी नोंद सांगते. १७९९ च्या डिसेंबरात अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या शेतांवर बर्फात आणि पावसात दिवसभर घोड्यावरून फिरले. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, घसा दुखायला लागला आणि आवाज घोगरा झाला. त्या रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग आली तेव्हा धड बोलता येत नव्हतं आणि श्वास लागला होता. काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचं मिश्रण पाजायला गेले तर एक थेंबही गिळवेना, उलट गुदमरल्यासारखं झालं. दिवसभरात डॉक्टरांनी त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा काढलं, मिळून दोन लिटरच्या वर. आलेल्या तीन डॉक्टरांतले सर्वांत तरुण इलायशा डिक यांनी मानेतून श्वासनलिकेला छेद देऊन वाट करावी असं सुचवलं. बाकीच्यांना ते पटलं नाही. १४ तारखेच्या रात्री दहानंतर वॉशिंग्टन गेले. वय ६७.

नेमका आजार कोणता यावर आजही मतभेद आहेत, पण आज ही नोंद वाचणाऱ्या बऱ्याच डॉक्टरांना तो एपिग्लॉटायटिसच वाटतो, आणि मलाही तसंच वाटतं. कारण क्रम पाहा: आधी घसादुखी आणि घोगरा आवाज, मग एका दिवसात आवाज आणि श्वास अडण्यापर्यंत आणि एक थेंबही न गिळवण्यापर्यंत मजल. त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांच्याकडे जिभेमागे पाहायचं साधनच नव्हतं. जिवंत माणसाचं स्वरयंत्र आरशातून चांगलं पाहिलं ते १८५४ मध्ये, आणि तेही डॉक्टरने नाही. मॅन्युएल गार्सिया नावाचे गायनाचे शिक्षक होते. गाताना घशात काय घडतं हे पाहण्याची त्यांना ओढ होती. त्यांनी दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरला आणि दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्याचा प्रकाश टाकला. आज आमच्या हातात असलेल्या दुर्बिणीची सुरुवात तिथली.

तुम्हाला हे घरी कसं ओळखायचं? घसा प्रचंड दुखतो पण तोंडात बॅटरीने पाहिलं तर त्या मानाने काहीच दिसत नाही. हा विरोधच पहिली खूण. मग लाळसुद्धा गिळवत नाही आणि ती तोंडातून गळायला लागते. आवाज घोगरा असण्यापेक्षा दबलेला, गुदमरलेला येतो. माणूस आडवा व्हायला तयार नसतो. बसून, हात टेकून, पुढे वाकून, हनुवटी पुढे काढून श्वास घेतो. श्वास आत घेताना शीळ घातल्यासारखा आवाज आला तर वाट फार अरुंद झालेली असते. लहान मुलात हे सगळं काही तासांत घडतं आणि सोबत जोराचा ताप असतो. मोठ्यांत कधी एक-दोन दिवस लागतात. काकांच्या बाबतीत डॉक्टरांनी वेळेवर ओळखलं म्हणूनच आयसीयू. तिथे श्वासाची वाट सुरक्षित ठेवतात आणि शिरेतून अँटिबायोटिक देतात.

एका गोष्टीची गल्लत होऊ देऊ नका. तीनेक वर्षांच्या आतलं मूल रात्री अचानक कुत्रा भुंकल्यासारखा खोकायला लागलं, आवाज बसला आणि श्वासात शीळ आली, तर तो बहुधा 'क्रूप' असतो, म्हणजे स्वरयंत्राचा आणि त्याखालच्या श्वासनलिकेचा विषाणूजन्य दाह. त्यात भुंकणारा खोकला असतो, लाळ गळत नाही. एपिग्लॉटायटिसमध्ये उलट, लाळ गळते आणि खोकला फारसा नसतो. डॉक्टरांकडे दोघांनाही न्यायचं.

अशा रुग्णाच्या तोंडात बोट, चमचा, बॅटरी काहीही घालू नका. आपल्याकडे घसा दुखला की बोटाने पडजीभ दाबायची रीत अजून काही घरांत आहे. इथे ती जिवावर बेतू शकते. घसा चाळवला आणि मूल रडलं की आधीच अरुंद झालेली वाट पूर्ण बंद होऊ शकते. जबरदस्तीने आडवं निजवू नका, पाणी किंवा औषध पाजू नका. मूल आईच्या मांडीवर जसं बसलंय तसंच बसू द्या आणि १०८ ला फोन करून भूल देणारे डॉक्टर असलेलं मोठं रुग्णालय गाठा.

आता तुमच्या मुलाबद्दलचं उत्तर. लहान मुलांत या आजाराचं मुख्य कारण हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी हा जिवाणू होता. नावात इन्फ्लुएन्झा असलं तरी तो फ्लूचा विषाणू नव्हे. त्याच्यावर लस आली आणि जिथे ती नियमित दिली जाते तिथे मुलांतला हा आजार अतिशय विरळा झाला. म्हणून आता आम्हाला तो दिसतो तो जास्त करून तुमच्या काकांसारख्या मोठ्या माणसांत, आणि त्यांच्यात स्ट्रेप्टोकॉकससारखे दुसरे जिवाणूही कारण असतात. आपल्या सरकारी लसीकरणात ही लस पेंटाव्हॅलेंट या इंजेक्शनातून येते. २०११ च्या डिसेंबरात केरळ आणि तमिळनाडूत ती सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पोहोचली. तुमच्या मुलाच्या जन्मापर्यंत ती सगळीकडे होती. त्याचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या रकान्यांत 'पेंटा १', 'पेंटा २', 'पेंटा ३' यांसमोर तारखा आहेत का ते पाहा. तिन्ही असतील तर या बाजूची काळजी सोडून द्या. एखादी तारीख रिकामी असेल तर कार्ड घेऊन या आठवड्यातच मुलाच्या डॉक्टरांना भेटा. सहाव्या वर्षी ती लस द्यायची गरज आहे का हे ते बघून सांगतील, आणि राहिलेल्या इतर लसी, विशेषतः घटसर्पाची, तेव्हाच पुऱ्या करून घेता येतील.